सोमवारी दहा वाजता गेलेली आकृती

दहावीच्या एका क्लासची वर्तुळावरची सराव चाचणी. मुलांनी ती मोबाइलवर सोडवायची होती. रविवारी सकाळच्या बॅचने सोडवली, कोणाची काही तक्रार आली नाही. तीच चाचणी सोमवारी संध्याकाळच्या बॅचला दिली, तर सातव्या प्रश्नाखाली आकृतीच नव्हती. ‘आकृतीत दिलेल्या माहितीवरून कोन ABC चे माप काढा’ एवढं वाक्य आणि त्याखाली रिकामी चौकट. भूमितीत असा प्रश्न सोडवताच येत नाही. मुलांनी आधी नेटला दोष दिला, मग मोबाइलला. चाचणी तयार करणाऱ्या सरांनी आपल्या लॅपटॉपवर पान उघडून पाहिलं, तर तिथे आकृती व्यवस्थित दिसत होती. त्यामुळे मुलांचंच काहीतरी चुकतंय, असं सगळ्यांना वाटलं.

त्या आठवड्यात क्लासच्या प्रमुख मॅडमनी सगळ्या शिक्षकांना ईमेल पाठवला. त्याची सुरुवात अशी होती: ‘सर्वांना नमस्कार. वर्तुळाच्या चाचणीत जे झालं, त्यात मुलांचा, नेटचा किंवा आपल्यापैकी कोणाचा हलगर्जीपणा नाही. चित्राची लिंक मुदतीची होती आणि ती मुदत संपली. अशी लिंक पुन्हा प्रश्नपेढीत जाऊ नये, म्हणून यापुढे चित्रं कुठे आणि कशी ठेवायची ते खाली लिहिते. कृपया पूर्ण वाचा, शंका असेल तर शनिवारच्या मीटिंगमध्ये विचारा.’

क्लास छोटा असो की मोठा, प्रश्नपेढी आता बहुतेक ठिकाणी गूगल शीटमध्ये असते. एका ओळीत एक प्रश्न, पुढच्या रकान्यांत चार पर्याय, उत्तर आणि शेवटी चित्राची लिंक. चाचणीचं पान ती ओळ वाचतं आणि लिंकवरून चित्र मागवून दाखवतं. गूगल डॉक्समध्ये चित्र घातलं किंवा पीडीएफ केली, की चित्राची प्रत त्या फाइलच्या पोटातच जाते. तिथे लिंक मरण्याचा प्रश्न नसतो. शीटमध्ये मात्र चित्र नसतं, चित्र कुठे मिळेल एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून जे बिघडतं ते नेमकं इथे.

सरांनी आकृती काढली होती ती ऑनलाइन टिपणांच्या एका अ‍ॅपमध्ये. तिथे चित्रावर राइट क्लिक करून ‘कॉपी इमेज अ‍ॅड्रेस’ केलं आणि मिळालेली लिंक शीटमध्ये चिकटवली. बहुतेक शिक्षक हेच करतात, कारण सगळ्यात सोपी रीत हीच आहे आणि त्या दिवशी ती चालतेही. अशी अ‍ॅप्स चित्रं स्वतःच्या कपाटात ठेवत नाहीत. ती अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीकडे भाड्याने घेतलेल्या जागेत ठेवतात आणि ती जागा कुलूपबंद असते. आपण अ‍ॅप उघडलं, की ते आपल्यापुरती एक तात्पुरती लिंक बनवतं आणि चित्र दाखवतं. पुन्हा उघडलं, की नवी लिंक. सोसायटीच्या फाटकावर पाहुण्याला त्या दिवसापुरता पास देतात, तसाच हा प्रकार आहे. आपण कॉपी करतो तो घराचा पत्ता नसतो, आजचा पास असतो. म्हणूनच अ‍ॅपच्या आत चित्र कायम दिसतं आणि बाहेर चिकटवलेली लिंक काही दिवसांनी मरते.

मॅडमनी ईमेलमध्ये ती मेलेली लिंकच उलगडून दाखवली. मला पूर्ण पत्रातला सगळ्यात उपयोगी भाग हाच वाटला, कारण एकदा ही लिंक वाचता आली की पुढे कोणालाही ती ओळखता येते. मधले काही भाग गाळले, तर तिचा सांगाडा असा दिसतो:

```
https://klas-namuna.s3.ap-south-1.amazonaws.com/fig07.png
  ?X-Amz-Date=20250609T043000Z
  &X-Amz-Expires=604800
  &X-Amz-Signature=...
```

प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे चित्राचा खरा पत्ता. त्यातलं `ap-south-1` म्हणजे अ‍ॅमेझॉनचं मुंबईचं केंद्र. प्रश्नचिन्हानंतरचा सगळा भाग म्हणजे पास. पहिल्या ओळीत पास कधी बनवला ते आहे: २०२५ साल, जून महिना, ९ तारीख, वेळ ४ वाजून ३० मिनिटं. शेवटचं `Z` सांगतं की ही वेळ ग्रिनिचची आहे. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे सोमवारचे सकाळचे दहा वाजले होते. पुढच्या ओळीतला आकडा सेकंदांचा. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यामुळे ६,०४,८०० सेकंद म्हणजे बरोबर सात दिवस. या पद्धतीच्या लिंकला याहून जास्त मुदत देताच येत नाही. तेव्हा ही लिंक १६ जूनला, सोमवारी सकाळी दहा वाजता संपणार, हे ती बनली त्याच क्षणी ठरलेलं होतं. रविवारची बॅच मुदतीच्या आत बसली आणि सोमवारची संध्याकाळची बॅच मुदत संपल्यावर. एवढाच फरक.

मुदतीचा आकडा हाताने वाढवला तर? ईमेल वाचून एका शिक्षकांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त आहे. तसं करता येत नाही, ते शेवटच्या `Signature` मुळे. तारीख, मुदत आणि फाइलचं नाव हे सगळं एका गुप्त किल्लीबरोबर गणितात घालून ही सही तयार होते. आपण लिंकमधला एक अंक जरी बदलला, तरी समोरचा संगणक तेच गणित पुन्हा करतो, सही जुळत नाही आणि तो `SignatureDoesNotMatch` असं सांगून चित्र नाकारतो.

मग सरांच्या लॅपटॉपवर आकृती का दिसत होती? ब्राउझर एकदा आणलेलं चित्र आपल्या साठ्यात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच काढून दाखवतो. सरांनी आठवड्यापूर्वी चित्र पाहिलं होतं, त्यामुळे त्यांना जुनी प्रत दिसली. मुलांचे मोबाइल पहिल्यांदाच मागत होते, त्यांना नकार मिळाला. चाचणी बनवणाऱ्याला दोष शेवटी दिसतो, त्याचं कारण हे आहे.

नेटचा दोष आणि मेलेली लिंक यांतला फरक ओळखणं अवघड नाही. नेट कमजोर असेल तर सगळीच चित्रं रेंगाळतात, कोणाला दिसतात, कोणाला नाही आणि पान पुन्हा उघडल्यावर बहुधा येतात. लिंक मेली असेल तर तेवढी एकच आकृती सगळ्या मुलांना दिसत नाही आणि कितीदाही उघडली तरी येत नाही. खात्री करायची असेल तर शीटमधली लिंक उचलून ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडायची, कारण तिथे जुना साठा नसतो. मुदत संपलेल्या अशा लिंकवर चित्राऐवजी हा मजकूर येतो:

```
<Code>AccessDenied</Code>
<Message>Request has expired</Message>
```

हा मजकूर दिसला की घाबरण्याचं कारण नाही. चित्र नष्ट झालेलं नसतं, ते मूळ अ‍ॅपमध्ये जिथल्या तिथे असतं. संपलेली असते फक्त लिंक.

प्रत्येक सेवेची मुदत वेगळी असते. डिस्कॉर्डवर टाकलेल्या चित्राची लिंक बाहेर चिकटवली तर साधारण एका दिवसात बंद पडते. तिच्यात मुदत `ex=` नंतर लिहिलेली असते. नोशनमधल्या फाइलची अशी लिंक तासाभराची. गूगल फोटोज दुसऱ्या प्रोग्रॅमना चित्राचा जो थेट पत्ता देतं, तोही ६० मिनिटांचाच आणि त्यात मुदत कुठेच वाचता येत नाही. तेव्हा लिंकमध्ये `Expires` दिसलं तर ती नक्की मरणार, पण दिसलं नाही म्हणून ती टिकेलच असं नाही.

यावर मॅडमनी जो उपाय ठरवला, त्याचा गाभा एका वाक्यात आहे: ‘शीटमध्ये यापुढे लिंक चिकटवायची नाही, फक्त फाइलचं नाव लिहायचं.’ चित्रं सगळी एकाच जागी, क्लासच्या खात्यावर, क्लासच्या स्वतःच्या डोमेनखाली. नाव एका रकान्यात, आणि लिंक शेजारच्या रकान्यात सूत्राने तयार होते:

```
="https://chitre.example.com/" & D2
```

इथे `D2` मध्ये फाइलचं नाव आहे. या व्यवस्थेचा मोठा फायदा लगेच दिसत नाही, तो दोन वर्षांनी दिसतो. उद्या चित्रं एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे न्यायची झाली, तर हजारो लिंका बदलाव्या लागत नाहीत. डोमेन नव्या जागेकडे वळवलं की शीट, चाचण्या, छापलेले कागद, सगळं जसंच्या तसं चालतं. पत्त्यावर मालकी कोणाची, यावर सगळं अवलंबून आहे. दुसऱ्याच्या पत्त्यावर ठेवलेलं चित्र त्याच्या नियमांनुसार चालतं.

गूगल ड्राइव्हवर टाकून ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी दिली तर काय हरकत, हा प्रश्न स्टाफमधून आलाच. ड्राइव्हची लिंक वेळेने मरत नाही हे खरं. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तरी ती चालते. माणसाने उघडून पाहायची फाइल असेल तर ड्राइव्ह उत्तम आहे. पण ड्राइव्ह म्हणजे चित्रं दुसऱ्या पानावर दाखवण्यासाठीची सेवा नव्हे. अनेक जण `uc?export=view` असलेली लिंक वापरून ड्राइव्हवरची चित्रं आपल्या पानांवर दाखवत असत. २०२४ च्या सुरुवातीला ती पद्धत अनेक ठिकाणी अचानक बंद पडली. गूगल शीटचं स्वतःचं चित्र दाखवणारं सूत्रसुद्धा ड्राइव्हच्या लिंका स्वीकारत नाही. दुसरा धोका माणसांचा आहे. चित्रं बहुधा एखाद्या शिक्षकाच्या खासगी खात्यात असतात. ते शिक्षक क्लास सोडून गेले, जागा हवी म्हणून त्यांनी जुनं फोल्डर काढून टाकलं, की तीस दिवसांनी कचरापेटीतूनही ते जातं. दोन वर्षं न वापरलेलं खासगी खातं काढून टाकण्याचं गूगलचं धोरण आहे, तेही इथे लागू होतं. म्हणून ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की मूळ चित्रं ड्राइव्हवर जरूर ठेवा, पण क्लासच्या खात्यात, आणि मुलांना दिसणारी प्रत क्लासच्या डोमेनवर.

जागेची चिंता करण्यासारखी नाही. भूमितीची साधी आकृती, हजार पिक्सेल रुंद, पीएनजी प्रकारात ठेवली तर शंभर केबीच्या आत बसते. अशा तीन हजार आकृत्या धरल्या तरी तीनशे एमबी होतात. दहावीच्या दोन्ही गणितांच्या आणि विज्ञानाच्या आकृत्या एका पेन ड्राइव्हमध्ये मावतील. त्यामुळे जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून लहान करू नये. रेघांची आकृती जेपीजीमध्ये ठेवली की रेघांभोवती धूसर ठिपके येतात आणि कोनाचं माप वाचताना मुलं ७० आणि ७६ मध्ये गोंधळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्रही दाबलं जातं. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. आणि स्क्रीनशॉट घेण्यापेक्षा मूळ अ‍ॅपमधून डाउनलोड करावं.

फाइलच्या नावावर मॅडमनी बराच मजकूर खर्च केला आहे आणि तो मला योग्य वाटतो. नमुना असा:

```
10-ganit2-vartul-007-v1.png
```

इयत्ता, विषय, प्रकरण, क्रमांक आणि आवृत्ती. सगळी अक्षरं इंग्रजी आणि लहान लिपीतली, मध्ये मोकळी जागा नाही. मराठी नाव का नको, याला भाषेशी संबंध नसलेलं, निव्वळ व्यवहाराचं कारण आहे. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांच्या संकेतात बदलतं. ‘वर्तुळ’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने सहा चिन्हं आहेत, कारण हलन्त आणि उकार वेगळे मोजले जातात. म्हणजे लिंकमध्ये त्याची चौपन्न अक्षरं होतात. अशी लिंक एका जागेहून दुसरीकडे नेताना अर्धी तुटते आणि कुठे तुटली ते डोळ्यांना कळत नाही. मोठ्या आणि लहान अक्षरांचाही फास आहे. विंडोजवर `Fig7.PNG` आणि `fig7.png` एकच मानलं जातं, पण ऑनलाइन साठ्यात या दोन वेगळ्या फाइली. शिक्षकाच्या संगणकावर चालतं आणि मुलाच्या मोबाइलवर चालत नाही, त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

नावाच्या शेवटी असलेल्या `v1` चा नियम कडक आहे. आकृतीत चूक सापडली तर जुन्या फाइलवर नवी चढवायची नाही. `v2` म्हणून वेगळी ठेवायची आणि शीटमधलं नाव बदलायचं. जुनी तशीच राहू द्यायची. यामागे दोन कारणं आहेत. ज्या मुलांच्या मोबाइलमध्ये जुनं चित्र साठलेलं आहे, त्यांना त्याच नावाने चुकीचीच आकृती दिसत राहते. आणि मागच्या वर्षीची चाचणी कोणी पुन्हा उघडली, तर त्या वेळचं उत्तर त्या वेळच्याच आकृतीशी जुळायला हवं.

छापील वर्कशीटवरच्या क्यूआर कोडला तर हे सगळं दुप्पट लागू आहे. शीटमधली लिंक नंतर बदलता येते, पण मुलांच्या वहीत चिकटवलेला कागद परत मागवता येत नाही. क्यूआर कोड म्हणजे चौकोनांत लिहिलेली लिंकच असते. त्यात सात दिवसांची लिंक छापली तर सात दिवसांनी तो कागद निरुपयोगी होतो. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या काही सेवा कोडमध्ये आपली लिंक न घालता स्वतःची घालतात आणि तिथून आपल्याकडे वळवतात. चाचणी काळ संपला की वळवणं बंद. छापण्याआधी कोड स्कॅन करून मोबाइलवर कोणता पत्ता उमटतो ते वाचायचं. क्लासचं डोमेन दिसलं तरच छपाईला द्यायचं.

जुन्या लिंकांचं काय करायचं, ते काम बाजूला राहू नये म्हणून मॅडमनी त्याचं सूत्रही दिलं. शीटच्या `D` रकान्यात लिंका असतील, तर रिकाम्या पानावर हे लिहिलं की धोक्याच्या ओळी वेगळ्या निघतात (पानाचं नाव `Prashna` धरलं आहे):

```
=FILTER(Prashna!A2:D,
  REGEXMATCH(Prashna!D2:D, "Expires=|[?&]ex=|googleusercontent"))
```

या यादीतल्या पुढच्या महिनाभरात लागणाऱ्या चाचण्या आधी, बाकीच्या नंतर. ज्याने आकृती काढली त्यानेच मूळ फाइल शोधायची, कारण ती कोणत्या अ‍ॅपमध्ये आहे हे त्यालाच माहीत असतं. प्रत्येक चित्र नव्या जागी गेल्यावर दोन वेळा पाहायचं: एकदा लगेच, इनकॉग्निटोमध्ये, शक्यतो खात्यात लॉगिन नसलेल्या मोबाइलवर, आणि पुन्हा आठ दिवसांनी. आठच का, तर सात दिवसांची लिंक चुकून राहिली असेल तर ती तोवर उघडी पडते.

आता पत्रातला एक परिच्छेद, ज्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि जो अशा सूचनांत सहसा नसतो. मॅडम लिहितात: ‘हे सगळं फक्त प्रश्नांच्या आकृत्यांसाठी आहे. मुलांनी सोडवलेल्या पेपरांचे फोटो, गुणांचे तक्ते, पालकांनी पाठवलेले दाखले या उघड्या जागेत एकही ठेवायचा नाही.’ मुदत हा लिंकेचा दोष नाही, ती एक सोय आहे आणि नेमकी अशाच कागदांसाठी आहे. तपासलेल्या उत्तरपत्रिकेचा फोटो पालकांना पाठवायचा असेल तर त्याची लिंक दोन दिवसांत मरायलाच हवी. त्यावर मुलाचं नाव आहे, गुण आहेत, हस्ताक्षर आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. दहावीचा पूर्ण वर्ग त्यात येतो. त्यामुळे दोन जागा वेगळ्या हव्यात. एक आकृत्यांची, सगळ्यांना वाचता येईल अशी. दुसरी मुलांच्या कागदांची, कुलूपबंद.

उघड्या जागेलाही एक मर्यादा घालावी लागते. एकेक चित्र पाहण्याची परवानगी सगळ्यांना, पण आत काय काय आहे ती यादी पाहण्याची परवानगी कोणालाही नाही. शिवाय नावं क्रमाने असल्यामुळे हुशार मूल `007` च्या जागी `008` लिहून पाहणार, हे धरूनच चालावं. पुढच्या परीक्षेची आकृती म्हणून परीक्षेच्या दिवशीच तिथे चढवायची. उत्तरसूची तर तिथे कधीच नाही.

एवढं केल्यावर मुदत असलेली एकच गोष्ट उरते आणि ती म्हणजे क्लासचं डोमेन. ते दर वर्षी किंवा काही वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते चुकलं तर एक नाही, सगळ्याच आकृत्या एका दिवशी जातात. ईमेलच्या शेवटी त्याची नोंद आहे: डोमेन क्लासच्या नावावर, नोंदणी एकदम अनेक वर्षांसाठी, आठवणीचे ईमेल एका माणसाच्या खात्यावर न जाता ऑफिसच्या सामायिक पत्त्यावर आणि पैसे ज्या कार्डातून जातात त्या कार्डाची मुदत ऑफिसच्या वहीत लिहून ठेवलेली. `.in` चं नाव जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. मॅडमनी पाच वर्षांसाठी घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या नूतनीकरणाची तारीख शीटच्या पहिल्याच ओळीत, प्रश्नांच्याही वर, लिहून टाकली.